सल्ले चालतात, ॲडव्हायसेस चालत नाहीत: ‘चूक शोधा’ प्रश्नांसाठी तयारीची यादी

केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठी होणाऱ्या एसएससीच्या सीजीएल परीक्षेत पहिल्या टप्प्याला इंग्रजीचे 25 प्रश्न असतात. बरोबर उत्तराला 2 गुण, चुकलं की 0.50 वजा. त्यात वाक्याचे तुकडे पाडून ‘चूक कोणत्या तुकड्यात’ असं विचारतात, आणि तिथे ॲडव्हाइस, फर्निचर, इन्फर्मेशन ही अगणनीय नामं, म्हणजे जी मोजता येत नाहीत आणि ज्यांना अनेकवचनाचा एस लागत नाही अशी मंडळी, फिरून फिरून भेटतात. माझ्या भाचीनं सराव पेपरांत याच शब्दांवर इतके गुण घालवले, की शेवटी दोन रविवार तिला समोर बसवून हा एकच विषय उरकला. तेव्हा जे जे केलं ते त्याच क्रमानं सांगतो.

आधी अशा नामांची ती चाळीस-पन्नास शब्दांची छापील यादी बाजूला ठेवा. वहीचं एक पान मधोमध दुमडा. डावीकडे असे शब्द लिहा ज्यांचं अनेकवचन मराठीतही होत नाही. इन्फर्मेशन म्हणजे माहिती, आणि ‘माहित्या’ कुणी म्हणत नाही. लगेज म्हणजे सामान, मशिनरी म्हणजे यंत्रसामग्री, ट्रॅफिक म्हणजे वाहतूक. फर्निचरही इथेच, कारण आपण ‘फर्निचर आलं’ म्हणतो, ‘दोन फर्निचर आली’ म्हणत नाही. उजवीकडे ते शब्द, ज्यांचं मराठीत सर्रास अनेकवचन होतं: ॲडव्हाइस म्हणजे सल्ला-सल्ले, न्यूज म्हणजे बातमी-बातम्या, एव्हिडन्स म्हणजे पुरावा-पुरावे. शिवाय ज्वेलरी म्हणजे दागिने, मिस्चीफ म्हणजे खोड्या, सीनरी म्हणजे देखावे, पोएट्री म्हणजे कविता, हेअर म्हणजे केस. पाठ करायची ती ही उजवी बाजू. लिहिताना डोक्यात ‘त्यांनी मला खूप सल्ले दिले’ असतं आणि हात आपसूक ‘मेनी ॲडव्हायसेस’ लिहून जातो. केसांचं तर विचारूच नका. मराठीत ‘माझे केस पिकले’, इंग्रजीत मात्र ‘माय हेअर हॅज टर्न्ड ग्रे’, म्हणजे क्रियापदसुद्धा एकवचनी.

मग डाव्या बाजूच्या शब्दांत तरी चुका का होतात? तिथे मराठीचा दोष नाही, पाट्यांचा आहे. दुकानावर ‘फर्निचर्स’, त्याच्या शेजारी ‘सर्जिकल इक्विपमेंट्स’, हातात पडलेल्या परिपत्रकात ‘फॉलोइंग इन्फर्मेशन्स’. रोज बघून बघून डोळ्याला ते खटकेनासं होतं. म्हणून आठवडाभर जाता-येता अशा पाट्या मनातल्या मनात दुरुस्त करा. भाचीला हा प्रकार अभ्यासापेक्षा आवडला.

पुढचं काम म्हणजे मोजायची सोय. एकच सल्ला किंवा तीन बातम्या सांगायच्या असतील तर मध्ये मापाचा शब्द घालावा लागतो, आणि अनेकवचन त्या मापाला लागतं, नामाला नाही. ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘थ्री पीसेस ऑफ फर्निचर’, ‘टू आयटम्स ऑफ ज्वेलरी’. ‘पीस’ एवढा एक शब्द सल्ला, बातमी, माहिती, पुरावा, फर्निचर, सामान या सगळ्यांना पुरतो. तेव्हा सुरुवातीला तोच पक्का करा.

आता मुख्य गोष्ट. ‘फर्निचर्स’ असं उघडं दिसलं तर कुणीही पकडेल. चूक बहुतेकदा नामाला हात न लावता त्याच्या आजूबाजूला पेरलेली असते. म्हणून असं नाम दिसलं की तीन ठिकाणी पाहायची सवय लावा: नामाच्या आधी, क्रियापदाकडे आणि पुढे येणाऱ्या सर्वनामाकडे. आधी ‘मेनी’, ‘फ्यू’, ‘दीज’ किंवा ‘ॲन’ आहे का? ‘मेनी इन्फर्मेशन’ला एस नाही, तरी ते चूकच, तिथे ‘मच’ हवं. सर्वनामाचं उदाहरण म्हणजे ‘शी गेव्ह मी सम ॲडव्हाइस / बट आय डिड नॉट / फॉलो देम’. सल्ला अगणनीय, म्हणून शेवटी ‘इट’. भाचीनं इथे ‘सम’वर बोट ठेवलं होतं. पण ‘सम’, ‘एनी’, ‘ऑल’, ‘अ लॉट ऑफ’ हे दोन्ही घरचे पाहुणे आहेत, ते अशा नामांनाही चालतात.

एक वाक्य नीट सोडवून बघू. ‘द इन्फर्मेशन अबाउट द न्यू रूट्स / वेअर सो कन्फ्यूजिंग / दॅट वी मिस्ड द बस / नो एरर.’ घाईत वाचलं तर कानाला ‘रूट्स वेअर’ जुळून येतं आणि आपण ‘नो एरर’ करून पुढे जातो. पण गोंधळात टाकणारे मार्ग नव्हते, त्यांच्याबद्दलची माहिती होती. ‘अबाउट द न्यू रूट्स’ एवढं बोटानं झाका. उरतं ‘द इन्फर्मेशन वेअर’. आता ते लगेच टोचतं. ‘वॉज’ हवं, उत्तर दुसरा तुकडा. हेच वाक्य ‘द इन्फर्मेशन्स’ आणि ‘वॉज’ असं दिलं असतं तर उत्तर पहिला तुकडा. चूक एकाच तुकड्यात असते, त्यामुळे क्रियापद एकवचनी दिसलं आणि नामाला एस दिसला, तर बोट नामाकडे जायला हवं.

यातला सगळ्यात वाईट सापळा ‘वन ऑफ द’. ‘इट वॉज वन ऑफ द बेस्ट ॲडव्हायसेस आय गॉट’ यातली चूक सगळ्यांना दिसते. मग वाक्य सुधारायला सांगितलं की एस खोडून ‘वन ऑफ द बेस्ट ॲडव्हाइस’ हा पर्याय निवडतात, आणि तोही चूक. ‘वन ऑफ द’नंतर अनेकवचनच लागतं, आणि ॲडव्हाइसचं ते होत नाही. सुटका एकच: ‘वन ऑफ द बेस्ट पीसेस ऑफ ॲडव्हाइस’.

‘न्यूज’चं वेगळं सांगायला नको. शेवटी एस असून एकवचनी, मॅथेमॅटिक्ससारखाच. ॲडव्हाइसच्या स्पेलिंगकडे मात्र लक्ष द्या. सी असेल तर नाम, एस असेल तर क्रियापद. ‘ही ॲडव्हायझेस मी’ हे एसनं लिहिलेलं पूर्ण बरोबर आहे, त्याला अनेकवचन समजून खोडू नका.

एवढं झालं की उलटा त्रास सुरू होतो, दिसेल त्या एसवर संशय. त्यासाठी पानाच्या मागे चार-पाच अपवाद लिहून ठेवा. काम या अर्थी ‘वर्क’ला एस नाही, पण साहित्यकृती किंवा बांधकामं म्हटलं की ‘वर्क्स’, म्हणूनच आपलं सार्वजनिक बांधकाम खातं ‘पब्लिक वर्क्स डिपार्टमेंट’. नुकसान म्हणजे ‘डॅमेज’, कोर्टानं द्यायला लावलेली भरपाई ‘डॅमेजेस’. पाच वर्षांचा अनुभव ‘एक्स्पीरिअन्स’, प्रवासात आलेले निरनिराळे अनुभव ‘एक्स्पीरिअन्सेस’. आणि डोक्यावरचे केस ‘हेअर’, पण आमटीत दोन केस सापडले तर ते बेलाशक ‘टू हेअर्स’.