एकवीस नावांतून तीन

पणजीत पुरस्कार घेताना मला बोलायला तीन मिनिटं होती. पहिल्या मसुद्यात आभार मानायला एकवीस नावं होती. घरी वाचून दाखवलं, तर बायकोला एकही आठवेना. मग प्रत्येक नावापुढे 'यांनी नेमकं काय केलं?' ते लिहिलं. ज्यांच्यापुढे फक्त 'सहकार्य' आलं, त्यांना स्वतंत्र पत्रं पाठवली. उरले तिघे.

त्यातले एक मानशीवरचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावरचे काका. पहाटेच्या ओहोटीला बॅटरी धरून ते बांधावर उभे राहायचे, मी खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या पाण्याचे नमुने घ्यायचो. त्यांचे आभार लिहितानाच मुद्दा सापडला: मानशीची फळी कुजली की भरतीचं खारं पाणी शेतात शिरतं, आणि खारं सोसणाऱ्या कोरगुट भातालाही मर्यादा असते. फळी वेळेत बदला, एवढंच शेवटी ठेवलं. बाकीचे निष्कर्ष मनावर दगड ठेवून गाळले.