टायमर लावला, तरी माझं आधार कार्ड मित्राच्या गॅलरीत

गोव्याच्या ट्रिपला आम्ही अकरा जण होतो. हॉटेलवाल्याला सगळ्यांची ओळखपत्रं हवी होती, म्हणून सगळ्यांनी आपापल्या आधारचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. ‘सात दिवसांचा टायमर लावलाय, आपोआप जाईल सगळं’ असं कुणीतरी लिहिलं आणि विषय संपला. तीन महिन्यांनी एक मित्र त्याच्या फोनमधले ट्रिपचे फोटो दाखवत होता. मध्येच माझं आधार कार्ड आलं!

पहिली चूक वेळेची होती. पाच जणांचे फोटो सकाळीच पडले होते आणि टायमर लागला रात्री. टायमर फक्त त्यानंतरच्या मेसेजना लागू होतो, आधीचे जसेच्या तसे राहतात. सात दिवसांचे नंतर २४ तास केले, तरी आधी गेलेल्यांची मुदत बदलत नाही. जुना फोटो काढायचा तर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ हाच मार्ग, आणि तोही साधारण अडीच दिवसांच्या आतच.

टायमर लावायला ग्रुपच्या नावावर टॅप करून Disappearing messages उघडायचं. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस, एवढेच पर्याय. ॲडमिनने सेटिंग बदललं नसेल, तर कुठलाही मेंबर हा टायमर बंद करू शकतो. कुणी तसं केलं की चॅटमध्ये बारीक अक्षरांत एक ओळ उमटते, पण गुड मॉर्निंगच्या गर्दीत ती कोण वाचतं?

माझा फोटो मात्र टायमर लागल्यानंतरचा होता. ग्रुपवरून तो वेळेवर गेलाही. मित्राच्या फोनमध्ये ऑटो-डाउनलोड चालू असल्याने त्याची एक प्रत आधीच गॅलरीत जाऊन बसली होती आणि गॅलरीला टायमर माहीतच नसतो. फॉरवर्डचंही तसंच. ज्या चॅटमध्ये टायमर नाही तिथे फोटो गेला, की तो तिथेच राहतो. स्क्रीनशॉट कुणी घेतला तर पाठवणाऱ्याला कळतही नाही. एकदाच उघडणारा ‘व्ह्यू वन्स’ फोटो स्क्रीनशॉट अडवतो खरा, पण शेजारच्या दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याला कोण अडवणार?

बॅकअपबद्दल थोडा गैरसमज आहे. मुदत संपण्याआधी बॅकअप झाला, तर मेसेज त्यात जातो. पुढे तो बॅकअप रिस्टोअर केला, की मुदत संपलेले मेसेज काढून टाकले जातात. पण तोवर बॅकअपच्या फाइलमध्ये ते पडून असतात. बॅकअपला एन्क्रिप्शन लावायचं की नाही, हेही ज्याचं तो ठरवतो. तुम्ही लावलंत म्हणून बाकीच्या दहा जणांचं लागत नाही.

यंदा आम्ही यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढलं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. तेही ग्रुपवर न टाकता, बुकिंग करणाऱ्या एकाच मित्राला थेट पाठवलं.