भेटीची नोंद वाचून सीआरएम भरताना

सेल्स कोऑर्डिनेटर म्हणून रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात फील्डवरच्या माणसांच्या नोंदी तुमच्यासमोर येतात आणि त्यांतून सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांची माहिती ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, गरज, ऑब्जेक्शन, पुढचं पाऊल हे तीन रकाने भरायचे असतात. मी एअर कॉम्प्रेसर विकणाऱ्या कंपनीत हे काम करते. आमच्याकडे येते तशी एक नोंद बघा:

«मालक भेटले. हवा कमी पडते. दिवाळीनंतर दोन सीएनसी येणार. २० एचपी स्क्रू सांगितला. रेटचं काही नाही म्हणाले, पण आधीच्या कंपनीचा माणूस फोन केल्यावर चार दिवसांनी यायचा. पुढच्या सोमवारी कोटेशन. बघू म्हणाले.»

नवीन माणूस गरजेच्या रकान्यात हमखास «२० एचपी स्क्रू» लिहितो. पण २० हॉर्सपॉवरचा स्क्रू कॉम्प्रेसर हे आपल्या माणसाने सुचवलेलं उत्तर झालं. ग्राहकाची गरज आहे: हवा आत्ताच कमी पडते आणि दिवाळीनंतर दोन मशीन वाढणार. हा फरक मी फार मानते. उद्या इंजिनिअर पाहणीला गेला आणि पाइपलाइनमध्ये मोठी गळती निघाली, तर मशीनचा आकारच बदलेल. रकान्यात एचपी लिहून ठेवलं असेल तर गळती शोधायचं कोणाला सुचणारही नाही.

ऑब्जेक्शनसाठी आमच्याकडे ठरलेली यादी आहे: किंमत, सर्व्हिस, वेळ, दुसरी कंपनी, इतर. «रेट» शब्द दिसला की हात «किंमत»कडे जातो, पण इथे वाक्य नकारार्थी आहे. खरी अडचण सर्व्हिसची, म्हणून तेच निवडायचं आणि शेजारच्या रकान्यात मूळ वाक्य जसंच्या तसं चिकटवायचं. तीन महिन्यांनी कोणी विचारलं की हे कशावरून, तर उत्तर तिथेच सापडतं. «इतर» वारंवार निवडावं लागत असेल, तर यादीतच काहीतरी राहिलंय असं समजा आणि त्या नोंदी घेऊन मॅनेजरकडे जा.

पुढच्या पावलात कोण, काय आणि कधी, तिन्ही हवेत. «पुढच्या सोमवारी» हे भेटीच्या तारखेपासून मोजायचं. शुक्रवारची भेट सेल्समनने त्यानंतरच्या सोमवारी टाइप केली असेल, तर टाइप केल्याच्या तारखेपासून मोजल्यावर कोटेशन आठवडाभर उशिरा जातं. कोटेशन कोण पाठवणार हे नोंदीत नाही, तेव्हा अंदाजाने नाव टाकू नका. सेल्समनला फोन करा, एका मिनिटाचं काम असतं.

आणि «बघू»? तो होकारही नाही आणि नकारही नाही, त्यामुळे त्यावरून डीलचा टप्पा पुढे सरकवायचा नाही. फोनवर सेल्समनला एवढंच विचारा, «बघू म्हणाले तेव्हा त्यांनी कोटेशन मागितलं होतं, की आपण देतो म्हणालो?» मालकांनी स्वतः मागितलं असेल तर तसं लिहा. नाहीतर कोटेशन पाठवण्याची तारीख टाका आणि ग्राहकाने काय कबूल केलं हा रकाना रिकामा ठेवा.