बुटांचे रिव्ह्यू वाचताना या चुका टाळा: ‘साइज परफेक्ट’ वाचून नंबर ठरवू नका

‘साइज परफेक्ट, कम्फर्ट मस्त, पैसा वसूल.’ स्पोर्ट्स शूजच्या पानावर असे दोनशे अभिप्राय असले तरी तुमचा नंबर त्यातून कळत नाही. परफेक्ट म्हणजे कुणाच्या पायाला? पाय किती लांब, चवडा किती रुंद, नेहमी कोणता नंबर घालणाऱ्याच्या? एवढं कळल्याशिवाय ते वाक्य ऐकीव कौतुकच राहतं. उलट दोन स्टार देऊन वैतागून लिहिलेल्या तीन ओळींत नंबर ठरवायला लागणारं सगळं सापडू शकतं. पण त्या ओळी वापरायच्या तर आधी एक काम उरकावं लागतं, आणि पहिली चूक तिथेच होते.

स्वतःचा पाय न मोजता दुसऱ्यांचं वाचत बसणं

आपल्याला पायाचा नंबर माहीत असतो, माप माहीत नसतं. शिवाय तो नंबरही बऱ्याचदा सवयीचा असतो. जूनमध्ये शाळेचे बूट एक बोट मोठे घ्यायचे आणि पुढे कापूस कोंबायचा, या संस्कारात वाढलेली कित्येक माणसं आजही गरजेपेक्षा एक नंबर मोठा बूट घालतात आणि त्यालाच ‘माझा नंबर’ म्हणतात.

संध्याकाळी मोजा, कारण दिवसभराच्या वावराने पाय थोडा फुगलेला असतो. ज्या मोज्यांवर बूट घालणार तेच मोजे घाला. कागद भिंतीला टेकवून ठेवा, टाच भिंतीला लावा आणि त्या पायावर वजन टाकून उभे राहा. बसून मोजलं तर माप कमी भरतं. सगळ्यात लांब बोटापुढे पेन्सिल उभी धरून खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. मग अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या मुळाशी हाड जिथे बाहेर येतं, त्या दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजा. ही चवड्याची रुंदी. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा.

आता घरात नीट बसणारा एखादा जुना बूट असेल तर त्याचा इनसोल बाहेर काढून त्याचीही लांबी मोजून ठेवा. चालण्या-पळण्याच्या बुटात पायापुढे साधारण एक सेंटिमीटर मोकळं लागतं. तो इनसोल पायापेक्षा किती लांब भरतो ते पाहिलं की स्वतःची सवय सैल बुटाची आहे की घट्ट, हे समजतं.

‘एक नंबर मोठा घ्या’ हा सल्ला जसाच्या तसा उचलणं

सगळ्यात जास्त फसवणारं वाक्य हेच. लिहिणारा खोटं बोलत नसतो, पण बूट घट्ट होण्याची दोन वेगळी कारणं तो एकाच शब्दात सांगत असतो. बूट लांबीला कमी असेल तर अंगठा पुढे टेकतो, उतारावर नख दुखतं, काही दिवसांनी काळं पडतं. बूट रुंदीला कमी असेल तर करंगळी आणि चवड्याची बाहेरची बाजू चावते, पाय बधिर होतो, पण अंगठ्यापुढे जागा मोकळीच असते. पहिल्या त्रासावर मोठा नंबर हा इलाज आहे. दुसऱ्यावर तो अर्धवट इलाज आहे. मोठ्या नंबरात रुंदी जराशीच वाढते, लांबी मात्र उगाच वाढते. मग टाच निसटते आणि बूट चवड्याच्या पुढेच दुमडायला लागतो.

म्हणून रुंद पायाच्या माणसाने दिलेला ‘मोठा घ्या’ हा सल्ला अरुंद पायाच्या माणसाने ऐकला तर बूट पायात डुलतो. आपल्याकडे ही गल्लत सहज होते. परदेशी ब्रँडच्या पुरुषांच्या बुटांत नेहमीची रुंदी ‘डी’ असते, त्याहून रुंद ‘२ई’ आणि ‘४ई’. दुकानांत आणि ॲपवर बहुतेक वेळा फक्त पहिलीच मिळते, त्यामुळे रुंदीची तक्रारही नंबरच्या भाषेतच लिहिली जाते.

तेव्हा अभिप्रायात शरीराचा भाग शोधा: अंगठा, करंगळी, टाच, चवडा, पायाची वरची बाजू. रिव्ह्यूमध्ये शोधायची सोय असेल तर `toe`, `wide`, `heel`, `tight` आणि मुख्य म्हणजे `exchange` हे शब्द टाका. नंबर बदलून घेतलेल्याचा अभिप्राय सोन्यासारखा, कारण एकाच पायाने दोन नंबर पाहिलेले असतात.

‘वापरून सैल होईल’ असं कुणी लिहिलं तर तेही याच चाळणीतून न्या. विणलेल्या कापडाचा किंवा चामड्याचा वरचा भाग रुंदीला थोडा सैलावतो. लांबीला कोणताच बूट वाढत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा तुमचा डावा पाय २६.१ सेंटिमीटर, उजवा २५.८. चवडा १०.६ सेंटिमीटर, म्हणजे लांबीच्या चाळीस टक्क्यांहून थोडा जास्त. ढोबळमानाने हा पाय रुंदाकडे झुकणारा. तुम्ही यूके ८ घालता. एका मॉडेलखाली कामाचे वाटणारे सहा अभिप्राय मिळाले.

पहिला, नंबर ८: ‘साइज परफेक्ट.’ दुसरा, नंबर ९: ‘एक नंबर मोठा घ्या.’ दोन्ही बाजूला ठेवा, कारण दिलेलं नाही. तिसरा, नंबर ८: ‘पुढे बोटभर जागा आहे पण करंगळीला दाबतो.’ चौथा, नंबर ९, दोन स्टार: ‘८ बाजूने घट्ट म्हणून बदलून ९ घेतला, आता टाच निघते.’ पाचवा, नंबर ७: ‘अंगठा टेकत होता, ८ घेतला, बरोबर झाला.’ सहावा, नंबर ८: ‘थोडा सैल आहे, जाड मोजे घालतो.’

वरवर पाहिलं तर मतं चारी दिशांना आहेत. नीट पाहिलं तर तिसरा आणि चौथा एकच गोष्ट सांगतात: लांबी ठीक, चवडा अरुंद. सहाव्याला तोच बूट सैल वाटतो, म्हणजे त्याचा पाय एकतर बारीक आहे किंवा मुळात ७चा आहे. लांबी कमी असल्याची तक्रार एकट्या पाचव्याची, पण तीही ७ नंबरची आणि ८ने मिटलेली. तुमच्या रुंद पायासाठी निष्कर्ष ‘९ मागवा’ असा निघत नाही. याच मॉडेलची रुंद आवृत्ती मिळते का पाहा, नाहीतर दुसरं मॉडेल बघा. पानावर ‘फिट: अपेक्षेप्रमाणे’ची लांब हिरवी पट्टी असली तरी तिने फरक पडत नाही, तिच्यात बारीक आणि रुंद पाय एकत्र कालवलेले असतात.

‘यूके ८’ सगळीकडे सारखाच समजणं

यूके पद्धतीत एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार. पण सुरुवात कुठून धरायची, हे प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने ठरवते. आदिदासच्या पुरुषांच्या यूके ८ बुटाच्या लेबलवर `US 8½` आणि `JP 265` असतं. नायकेच्या यूके ८वर `US 9` आणि `CM 27` असतं. नंबर एकच, तरी लेबलवर अर्ध्या सेंटिमीटरचा फरक. म्हणून ‘मी नेहमी ८ घालतो, हा लहान आला’ या तक्रारीत नेहमीचा बूट कोणता, हे नसेल तर ती अर्धवट आहे. ‘अमुक मॉडेलमध्ये ८ बसतो, इथे साडेआठ लागला’ असं असेल आणि ते मॉडेल तुमच्याकडेही असेल, तर याहून चांगला पुरावा नाही. अर्धे नंबर न ठेवणाऱ्या ब्रँडमध्ये तर दोन नंबरांच्या मधे अडकणारे पाय बरेच असतात. तिथे ‘सैल’ म्हणणारा आणि ‘घट्ट’ म्हणणारा दोघंही खरे असतात.

साइज चार्टमध्येही एक खड्डा आहे. सेंटिमीटरचा रकाना पायाच्या लांबीचा आहे की बुटाच्या आतल्या लांबीचा, ते आधी पाहा. पायाचा असेल तर मोकळी जागा ब्रँडने आधीच धरलेली असते. तुम्ही पुन्हा एक सेंटिमीटर मिळवलात तर एक नंबर जास्तच मागवाल.

‘व्हेरिफाइड’ म्हणजे प्रामाणिक असं धरणं

व्हेरिफाइड किंवा सर्टिफाइड खरेदीदार या शिक्क्याचा अर्थ एवढाच की ऑर्डर झाली होती. रिव्ह्यू टाकल्यावर पैसे परत देणारे चॅट ग्रुप असतात, खोक्यात ‘पाच स्टार द्या, कॅशबॅक घ्या’ अशी चिठ्ठीही निघते. तिथेही ऑर्डर खरीच असते. भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस १९०००:२०२२’ या मानकात असे विकत घेतलेले अभिप्राय चालत नाहीत, पण २०२२मध्ये ते आलं तेव्हा पाळणं ऐच्छिक होतं.

पेरलेलं कौतुक ओळखायचं तर जाहिरातीतले शब्द शोधा. उत्पादनाचं पूर्ण लांबलचक नाव वाक्यात बसवलेलं असतं, ‘हलका, हवा खेळती, स्टायलिश’ हे वर्णनातलेच शब्द त्याच क्रमाने येतात, फोटोत तळ कोरा करकरीत. दोन-तीन दिवसांत पाच स्टारचा पाऊस आणि आगेमागे महिनाभर शुकशुकाट, हाही इशारा. लिहिणाऱ्याच्या नावावर क्लिक करून त्याने त्याच दिवशी मिक्सर, बेडशीट आणि पॉवर बँकलाही पाचच स्टार दिलेत का, ते पाहा. कधीकधी पानावरचे जुने अभिप्राय सँडलचे किंवा मॉडेलच्या मागच्या आवृत्तीचे निघतात, कारण विक्रेत्याने नवा माल जुन्याच पानाला जोडलेला असतो. म्हणून आधी `Most recent` लावा आणि प्रत्येक अभिप्रायाखाली लिहिलेला नंबर व रंग तपासा.

मात्र ‘नाइस प्रॉडक्ट’ लिहिणारा प्रत्येक जण भाडोत्री नसतो. ॲप सारखं विचारतं म्हणून दोन शब्द टाकून सुटका करून घेणारी माणसं कमी नाहीत. ते खोटं नाही, नुसतं बिनकामाचं आहे. पण बूट कुठे चावतो, हे पेरलेल्या अभिप्रायात क्वचितच सापडतं, कारण लिहिणाऱ्याने तो घालून चाललेलंच नसतं. म्हणूनच दोन-तीन स्टारवाले आधी वाचावेत. फक्त कुरिअर उशिरा आला म्हणून एक स्टार देणारे सोडून द्या.

पहिल्या दिवसाच्या मताला टिकाऊपणाचं मत समजणं

खोकं उघडल्याच्या दिवशी रंग, शिलाई आणि नंबर कळतो. सोलचा चिकटवलेला जोड पावसात सुटतो का, मधला फोम दबतो का, टाचेच्या आतलं अस्तर फाटतं का, हे आठवड्यांनी कळतं. मापाबद्दल ताजं मत चालेल, बाकीच्यासाठी ‘तीन महिने झाले’ अशी सुरुवात असलेलं शोधा, आणि रोज किती चालणं होतं हेही त्यात असेल तर फारच उत्तम.

इतकं करूनही दोन नंबरांत अडलात तर परतीची मुदत पाहून दोन्ही मागवा. संध्याकाळी, घरात, स्वच्छ चटईवर दहा मिनिटं चालून पाहा आणि न बसणारा जोड तळ मळायच्या आत परत करा.