बनावट इन्स्टाग्राम खात्याची तक्रार करताना

तुमचंच नाव, तुमचेच फोटो. फरक फक्त युजरनेममध्ये एका जादा टिंबाचा. आधी त्या खात्याची लिंक आणि युजरनेम दिसेल असा स्क्रीनशॉट जपून ठेवा, कारण नाव नंतर बदलता येतं. मग वरच्या तीन टिंबांतून Report, पुढे संपूर्ण खात्याची तक्रार, 'दुसऱ्याचं सोंग घेतलंय' हे कारण आणि 'मी' निवडा. बरेचजण इथेच चुकतात आणि घाईत 'स्पॅम' निवडतात. मग तोतयेगिरीची तपासणी होईलच असं नाही. त्या खात्याने तुम्हाला ब्लॉक केलं असेल तर लिंक मित्राकडून घ्या आणि हेल्प सेंटरमधला तोतयेगिरीचा फॉर्म सरकारी ओळखपत्राच्या फोटोसह भरा. पैसे मागितले गेले असतील तर पैसे देणाऱ्याने लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करावा.