पोर्टलमधून लॉगआउट केलंत, पण लॉगिन अजून चालूच असेल

सकाळी एकदा पासवर्ड टाकला की मेल, रजेचं पोर्टल, पगाराची स्लिप सगळं उघडतं. पासवर्ड या पोर्टलकडे जातच नाही. पोर्टल ब्राउझरला कंपनीच्या लॉगिन सर्व्हरकडे पाठवतं. तिथली कुकी, म्हणजे सकाळी लॉगिन केल्याची छोटी नोंद, ब्राउझरमध्ये आधीच असते, म्हणून सर्व्हर डिजिटल सही केलेली चिठ्ठी देतो आणि ती तपासून पोर्टल आत घेतं.

म्हणूनच दोघातिघांच्या कॉम्प्युटरवर नुसतं पोर्टलमधून लॉगआउट करू नका; बऱ्याचदा ती मूळ कुकी तशीच राहते. पोर्टल पुन्हा उघडून बघा. पासवर्ड न विचारता आत गेलात, तर लॉगिन सर्व्हरच्या पानावर जाऊन साइन आउट करा. मेलचं सेशन वेगळं असतं, त्यातूनही बाहेर पडा. मी तर अशा कॉम्प्युटरवर इनकॉग्निटो विंडोच वापरते. अशा सगळ्या विंडो बंद केल्या की कुकी जाते.