लिम्फोसाइट कमी, मोनोसाइट जास्त: टीबी लिहिण्याआधी

पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला, परळच्या एका रुग्णालयात असताना माझ्या हातून एक चूक झाली. ती अजून सलते. आता नव्याने सीबीसी रिपोर्ट करायला बसणाऱ्यांसाठी ती सविस्तर सांगते.

लालबागचे अडुसष्ट वर्षांचे काका. खोकला, दम, वजन उतरलेलं. पांढऱ्या पेशी ९,२००, लिम्फोसाइट ९ टक्के, मोनोसाइट १९ टक्के. मशीनने दोन्हींवर खूण केली होती. मी शेरा लिहिला, 'रिॲक्टिव्ह मोनोसायटोसिस, टीबीसाठी तपासावे', आणि पुढचा रिपोर्ट घेतला. मुंबईत टीबी इतका दिसतो की हात आपोआप तेच लिहितो. टीबीत लिम्फोसाइट उतरतात आणि मोनोसाइट चढतात हे खरंच आहे, त्यामुळे आपलं चुकतंय अशी शंकाही येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे टक्केवारीवर कधीही बोलू नका. एकूण पेशींना टक्क्यांनी गुणा आणि जो आकडा येईल तोच वाचा. त्याच आठवड्यात डेंग्यूची एक मुलगी होती. तिच्या पांढऱ्या पेशी २,४०० आणि मोनोसाइट १६ टक्के, म्हणजे फक्त ३८४. हा मोनोसायटोसिस नाहीच, बाकीच्या पेशी घटल्यामुळे टक्का फुगलाय. तिचे लिम्फोसाइट ४० टक्के, वरवर अगदी छान, पण प्रत्यक्षात ९६०. मोठ्या माणसात हजाराच्या खाली म्हणजे लिम्फोपेनिया, आणि तो मशीनच्या टक्क्यात लपून बसला होता. काकांचा हिशेब मात्र खरा निघाला: लिम्फोसाइट ८२८, मोनोसाइट १,७४८.

थुंकीची सीबीनॅट दोनदा निगेटिव्ह आली, एक्स-रे स्वच्छ. तरीही माझ्या शेऱ्यावर विसंबून टीबीची औषधं सुरू करायचं घाटत होतं. आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला वॉर्डात पाठवलं. 'काका, याआधी काही औषध चालू होतं का?' एवढं विचारल्यावर त्यांनी उशाखालून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात गल्लीतल्या डॉक्टरांची चिठ्ठी होती: दमासाठी दहा दिवस प्रेडनिसोलोन, अजून चालू. आणि घडी घालून ठेवलेला आठ महिन्यांपूर्वीचा सीबीसी होता.

स्टेरॉइड घेतल्यावर चार-सहा तासांतच लिम्फोसाइट रक्तातून मज्जेत आणि इतरत्र सरकतात, म्हणून आकडा पडतो. तेव्हा ८२८ चा उलगडा झाला. पण स्टेरॉइडने सुरुवातीला मोनोसाइटही उतरतात. मग हे १,७४८ कुठून आले? इथेच मी अडकले होते. दोन खुणा एकाच रिपोर्टवर दिसल्या की आपण त्यांना एकच कारण शोधतो, पण प्रत्येकीचं कारण वेगळं असू शकतं. गोळ्या संपल्यावर आठवड्याने पुन्हा रक्त घेतलं, तर लिम्फोसाइट १,३२० वर आले आणि मोनोसाइट १,७६० वर जसेच्या तसे. जुन्या रिपोर्टात पेशी ८,४०० आणि मोनोसाइट १५ टक्के, म्हणजे १,२६०. तीन महिन्यांहून जास्त टिकलेला मोनोसायटोसिस, सोबत हिमोग्लोबिन ९.६ आणि प्लेटलेट ९२,०००. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट तर पहिल्याच दिवशी माझ्यासमोर कागदावर होते, आणि जुना रिपोर्ट फक्त विचारायचा होता.

मग लीशमनची स्लाइड मी नीट पाहिली, दोनशे पेशी हाताने मोजल्या. न्यूट्रोफिलमध्ये कण विरळ, काहींचं केंद्रक दोनच पाकळ्यांचं, चष्म्यासारखं. मोनोसाइटमध्ये काही प्रोमोनोसाइट होते: नाजूक घड्या पडलेलं केंद्रक, क्रोमॅटिन कोवळं. हे साध्या मोनोसाइटमध्ये मोजू नका, ते ब्लास्टच्या बरोबरीचे धरतात. मज्जेत ब्लास्ट वीस टक्क्यांच्या आत होते, बीसीआर-एबीएल निगेटिव्ह. निदान झालं क्रॉनिक मायलोमोनोसायटिक ल्युकेमिया.

घाबरून जाऊ नका. असे बहुतेक रिपोर्ट व्हायरल तापाचे किंवा तापातून बरं होतानाचे असतात आणि दोन-तीन आठवड्यांत सरळ होतात. तरुण माणूस, ताप ओसरलेला, बाकीचे आकडे ठीक असतील तर शेऱ्यात 'काही आठवड्यांनी पुन्हा सीबीसी' एवढंच पुरे. वय साठीच्या पुढे, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट कमी, प्लीहा हाताला लागतेय, मोनोसाइट हटत नाहीत, तर मात्र स्लाइड पाहिल्याशिवाय सही करायची नाही. टीबीचा संशय असेल तर तो सीबीनॅटने आणि कल्चरने सिद्ध होऊ दे, मोनोसाइटच्या आकड्याने होत नाही. आणि ल्युकेमियाच्या माणसाला टीबीही असू शकतो, म्हणून एक सापडला की दुसरा शोधायचा थांबवू नका.

सीनियर 'टीबी लिही आणि पुढे चल' म्हणतील, कारण समोर शंभर नमुने पडलेले असतात. मला ते मान्य नाही. फोन करून 'स्टेरॉइड चालू आहे का, जुना सीबीसी आहे का' विचारायला दोन मिनिटं लागतात. काका आता हिमॅटॉलॉजी ओपीडीत येतात. पिशवी सोबत असतेच, आणि सगळ्यात वर तोच आठ महिन्यांपूर्वीचा कागद असतो.